तांदूळ कोणी तपासला

आमच्या घरात कप फुटतो, कोणी फोडत नाही. ह्यांच्या हातून निसटतो, फरशीवर पडतो, कान तुटून टेबलाखाली जातो, मी स्वयंपाकघरातून धावत येते, आणि हे उभ्याउभ्या शांतपणे सांगतात, "उमा, कप फुटला." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण "मी फोडला" हे शब्द मी ह्यांच्या तोंडून ऐकलेले नव्हते. दुधाला उतू जायची खोड, किल्लीला हरवायची. ह्या घरात वस्तूच सगळा कारभार करतात आणि हे फक्त तो पाहतात, असं मी चारचौघांतही म्हणून दाखवलेलं आहे. हे हसतात आणि म्हणतात, "हा पॅसिव्ह व्हॉइस आहे, उमा. सभ्य माणसाची भाषा."

ह्यांचं नाव नंदकिशोर नागपुरे. बालाघाटात ह्यांना नागपुरे मास्तर म्हणतात. आधी लामत्याच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, रोज गाडीने जाऊन-येऊन. मग बदली होऊन इथे गावातच आले आणि इथेच निवृत्त झाले. निवृत्त म्हणजे काय, शाळा सुटली आणि शाळा घरी आली. आमच्या पुढच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ शिकवणी असते. बारावीची पोरं येतात, नोकरीच्या परीक्षांची येतात, आणि सगळ्यांना सर्वांत आधी एकच गोष्ट हवी असते. पेपरात ‘चेंज द व्हॉइस’ येतं. ते ठोकून शिकवणारा माणूस ह्या गावात एकच.

मला स्वतःला इंग्रजी बेताचं. मी कचेरीत आवक-जावक शाखेला होते आणि आमचं सगळं काम हिंदीत. पण पोळ्या लाटता लाटता कानावर पडून पडून मला ते पाठ झालं आहे. द राइस इज क्लीन्ड, द राइस इज बीइंग क्लीन्ड, हॅज बीन क्लीन्ड. मग भूतकाळ: वॉज क्लीन्ड, वॉज बीइंग क्लीन्ड, हॅड बीन क्लीन्ड. मग विल बी क्लीन्ड आणि शेवटी ह्यांचं लाडकं, विल हॅव बीन क्लीन्ड. काळ कोणताही असो, ‘बी’चं त्या काळाचं रूप घ्यायचं आणि त्याच्यामागे क्रियापदाचं तिसरं रूप लावायचं. उरलेल्या चार काळांवर हे फळ्यावर काट मारतात. त्यांचा पॅसिव्ह कोणी वापरत नाही म्हणे. आणि झोपणं, येणं-जाणं ह्यांचा तर होतच नाही, कारण झोपलेल्या माणसाने झोपेला काही केलेलं नसतं. हे मला पटतं. झोपेच्या बाबतीत तरी ह्यांच्यावर आळ घेता येत नाही.

ह्यांचा आणखी एक नियम होता. वाक्याच्या शेवटी ‘बाय’ पाहिजे. बाय राजू, बाय द टीचर, बाय देम. ज्याने ‘बाय’ गाळला त्याचा अर्धा गुण ह्यांच्या लाल पेनाने गेलाच. आपल्याकडची पोरं घरी मराठी बोलतात, बाहेर हिंदी, आणि दोन्हीकडे ‘राजूने आंबा खाल्ला’ ह्यातला ‘ने’ असतोच. ह्यांनी सांगून ठेवलं होतं की ‘ने’ म्हणजे ‘बाय’. पोरांना ते सोपं पडलं. इतकं सोपं पडलं की साधं ‘राजू आंबा खातो’ छाप सरळ वाक्य करायला सांगितलं तरी ती आधी आंब्याला पुढे आणतात आणि राजूला मागे ढकलतात.

एकदाच एका मुलीने ह्यांना अडवलं होतं. मंजू बावनकर, रामपायलीची. इथे मावशीकडे राहून शिकत होती. सगळ्या काळांचं न चुकता म्हणून दाखवलं आणि मग विचारलं, "सर, हे येते सगळं. पण वापराचं कधी?" मी दारात होते, मला आठवतं. हे म्हणाले, "प्रश्नात ‘चेंज द व्हॉइस’ लिहिलं असलं की वापराचं." पोरं हसली. मंजूही हसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ह्यांचंही झालं नसावं, कारण त्या दिवशी हे जेवताना दोनदा मीठ मागून बसले आणि भाजी मुळात खारट होती.

शिकवणीशिवाय ह्यांचं दुसरं काम म्हणजे गल्लीभरच्या लोकांचे इंग्रजी अर्ज लिहून देणं. त्यातही सगळं पॅसिव्ह. ‘आय रिक्वेस्ट’ असं हे कधी लिहायचे नाहीत. ‘इट इज रिक्वेस्टेड’. लोकांना ते वजनदार वाटायचं. अर्ज कोणी केला हे शेवटी सही पाहूनच कळायचं, पण खूश सगळे असायचे. कचेरीतली माझी हिंदीही तशीच होती, सूचित किया जाता है, आदेशित किया जाता है, म्हणून मीही कधी तोंड उघडलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर एका दुपारी प्रेमलाल सेठ आले. त्यांची वारासिवनी रोडला राइस मिल आहे, आणि मंजू बी.एस्सी. करून त्यांच्याच मिलच्या लॅबमध्ये लागली होती. तांदळातला ओलावा, कणी, खडा, सगळं ती तपासायची. सेठ आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांचा एक कंटेनर आखातातल्या व्यापाऱ्याकडे गेला होता. तिकडे उघडला तर आत दमट वास, आणि वरच्या पोत्यांत तांदळाचे गोळे झालेले. व्यापाऱ्याने मेल पाठवून विचारलं होतं, हे कसं झालं. सेठना उत्तर हवं होतं, वजनदार इंग्रजीत, आणि त्यांची एकच अट होती.

"गुरुजी, नाम किसी का नहीं आना चाहिए."

हे असे खुलले की विचारू नका. नाव न घेता लिहिणं म्हणजे ह्यांचं राखलेलं रान. खुर्ची ओढून बसले आणि झरझर लिहीत गेले. तांदूळ भरडला गेला, पॉलिश केला गेला, पोत्यांत भरला गेला. ओलावा मर्यादेत आढळला होता. झाल्या गोष्टीबद्दल खेद वाटला जात आहे. प्रकरण तपासलं जात आहे. इज बीइंग लुक्ड इन्टू. पुढचा माल निघण्याआधी उपाय योजले गेलेले असतील. विल हॅव बीन टेकन. मी चहा घेऊन गेले तेव्हा हे शेवटचं वाक्य स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवत होते.

सेठनी पत्र दोनदा वाचलं. मग तपासणीच्या ओळीवर बोट ठेवलं. इथे मात्र तपासणाऱ्या मुलीचं नाव टाका, म्हणाले. कोणीतरी शिकलेल्या माणसाने तपासलं हे दिसलं की समोरच्याचा भरवसा बसतो. ह्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट ‘बाय’शिवाय ते वाक्य ह्यांच्या डोळ्याला मघापासून लंगडंच दिसत होतं. ह्यांनी हौसेने लिहिलं: द सँपल वॉज टेस्टेड बाय मिस मंजू बावनकर. आपल्या विद्यार्थिनीचं नाव परदेशात जाणार म्हणून ह्यांनी मला हाक मारून ती ओळ दाखवली. मीही कौतुक केलं. आम्ही दोघं किती शहाणे होतो ते पुढे कळलं.

आठवडाभराने मंजू आली. नेहमी यायची तेव्हा दारातूनच "काकू" म्हणून हाक मारायची, ह्या वेळी चप्पल काढून तशीच उभी राहिली. हातात दोन कागद होते. एक व्यापाऱ्याचा मेल. त्याने लिहिलं होतं की तुमच्या पत्रावरून दिसतं, मालाची तपासणी मिस बावनकर ह्यांनी केली. त्यांच्यावर काय कारवाई झाली ते कळवावं. हा मेल लॅबच्या पत्त्यावर तिलाही आला होता, खाली ते पत्र जोडून. दुसरा कागद म्हणजे सेठची नोटीस. चुकीच्या तपासणीबद्दल तुम्हाला कामावरून का काढू नये, उत्तर द्या.

हे एकदम म्हणाले की असं कसं होईल, पत्रात तर कोणालाच दोष दिलेला नव्हता. मग विचारलं की ते पत्र कोणी लिहिलं हे तुला ठाऊक आहे का.

"वाचल्याबरोबर वळखलं, सर," मंजू म्हणाली. "‘विल हॅव बीन टेकन’ अख्ख्या बालाघाटात दुसरं कोण लिहिते?"

हे हळूच म्हणाले, "पण मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं."

"माह्यं घेतलं न."

मी ते पत्र तिच्या मोबाइलवर पुन्हा पाहिलं. अगदी खरं होतं. भरडणारा कोणी नव्हता, पॉलिश करणारा नव्हता, गाडी भरून रवाना करणारा नव्हता. तांदूळ आपल्या पायांनी चालत समुद्रापर्यंत गेला होता. अख्ख्या पत्रात माणूस एकच होता, आणि व्यापाऱ्याला जाब विचारायला माणूस हवा होता. मला सेठपेक्षा ह्यांचाच जास्त राग आला, आणि माझाही, कारण ती ओळ मी वाखाणली होती.

मंजूला काय भीती आहे ते तिने न रडता सांगितलं. नोकरी गेली तर दुसरी मिळेल, पण चुकीच्या तपासणीसाठी काढलं असं एकदा पसरलं की वारासिवनीपासून गोंदियापर्यंत एकही मिल तिला लॅबमध्ये उभी करणार नाही. तिचं शिक्षणच त्या एका कामाचं होतं. तिला नोटिसीचं उत्तर लिहून हवं होतं, आणि ते सेठला आणि त्या व्यापाऱ्याला, दोघांनाही पाठवायचं होतं. सगळं कळूनही ती ह्यांच्याकडेच आली होती. दुसरं कोणाकडे जाणार?

हे लगेच लिहायला बसले. अंगात आलेल्या माणसासारखे लिहीत होते, पण देव जुनाच. इट इज सबमिटेड दॅट नो मिस्टेक वॉज कमिटेड. नम्रपणे सादर केलं जातं की कोणतीही चूक केली गेली नाही. वाचून दाखवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोणी केली नाही?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"कोणीच केली नाही, तर तांदूळ काहून ओला झाला?"

ह्यांनी कागद बाजूला ठेवला. मला वाटलं चिडतील, पण ह्यांचा चेहरा पार गोंधळलेल्या माणसाचा झाला होता. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. जन्मभर ज्या भाषेला सभ्य म्हटलं तिने एका पोरीला तोंडघशी पाडलं होतं, आणि आता तिला वाचवायला काढलेलं वाक्यसुद्धा तसंच पोकळ निघालं होतं. मला त्यांची कीव आली, हे सांगते.

मी मंजूला म्हटलं, तू इंग्रजी सोड, काय झालं ते आपल्या बोलीत सांग. तिने सांगितलं. मिलमध्ये पद्धत अशी की सकाळी नमुना डब्यात घालून लॅबमध्ये आणतात, ती मीटरवर ओलावा पाहते आणि कागदावर सही करते. त्या तांदळाचा ओलावा चौदा टक्क्यांच्या मर्यादेत होता. पण हा नमुना पॉलिशच्या आधीचा असतो. पॉलिशच्या मशीनमध्ये पाण्याचा बारीक फवारा असतो, दाण्याला चकाकी यावी म्हणून, आणि तो किती सोडायचा ते लॅबला कोणी विचारत नाही. ह्या वेळी पॉलिश झालेला तांदूळ हाताला थंडगार लागला म्हणून तिने सेठला सांगितलं होतं की पॉलिशनंतर पुन्हा एकदा तपासू द्या. सेठ म्हणाले, गाडी उभी आहे, वेळ नाही.

हे ऐकून ह्यांना वाटलं, आता कळलं! पॅसिव्हच वाईट. उठले आणि सगळं पत्र ॲक्टिव्हमध्ये लिहून काढलं. आता प्रत्येक वाक्यात माणूस होता. माणसाने नमुना आणला, माणसाने पोती शिवली, माणसाने गाडी भरली, आणि मधोमध: समवन इन्क्रीज्ड द वॉटर. कोणीतरी पाणी वाढवलं. ह्यांनी विजयी मुद्रेने पाहिलं.

मंजू ती ओळ वाचून घाबरली. पॉलिशच्या मशीनवर महागू असतो, म्हणाली. रामपायलीचाच, तिच्या घरामागे राहणारा. ‘समवन’ वाचलं की उद्या त्यालाच धरतील. आणि पाणी कोणी वाढवलं, मुळात वाढवलं की नाही, हे तिने पाहिलेलंच नव्हतं. "मले मालूम नाही, सर. जे मालूम नाही ते मी कसं लिहू?"

हे पुन्हा खाली बसले. पॅसिव्ह लिहावा तर माणूस गडप होतो, ॲक्टिव्ह लिहावा तर नसलेला माणूस उभा राहतो. काय करावं ते आम्हा तिघांनाही कळेना. मी चहा टाकला, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. पुढच्या खोलीत संध्याकाळच्या शिकवणीची पोरं जमली होती, त्यांना ह्यांनी आतूनच घरी पाठवलं. असं कधी झालेलं नव्हतं.

मग हे एकेक ओळ घेऊन मंजूला विचारायला लागले. हे कोणी केलं? तुला ठाऊक आहे का? आणि वाचणाऱ्याला ते कळायला हवं का? मीटर कसं वापरलं, दाणे किती घेतले, त्या ओळींत मंजूचं काहीच अडत नव्हतं. कोणीही केलं असतं तरी तसंच केलं असतं, तिथे नमुना महत्त्वाचा. ते वाक्य पॅसिव्ह राहिलं: द मॉइश्चर वॉज मेझर्ड विथ अ मीटर. ‘बाय’ नाही. ह्यांचा हात सवयीने शेवटी अडखळला आणि पुढे गेला. पॉलिशचं वाक्यही पॅसिव्हच राहिलं, पण वेगळ्या कारणाने: माझ्या तपासणीनंतर तांदूळ पाण्याने पॉलिश केला गेला, वॉज पॉलिश्ड. कोणी, ते मंजूला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्याचं सोंग त्यात नव्हतं. महागू त्याच्या जागी राहिला.

तपासणीचं वाक्य मात्र ह्यांनी उलटं केलं. आय टेस्टेड द राइस बिफोर पॉलिशिंग. मी तांदूळ तपासला, पॉलिशच्या आधी. तोच शब्द, तीच मुलगी, पण आता ती वाक्याच्या शेपटाला लोंबकळत नव्हती. मी मंजूकडे पाहिलं तर ती ती ओळ ओठांतल्या ओठांत म्हणत होती.

राहिलं सेठचं वाक्य. पत्र सेठलाच जाणार होतं, म्हणून ते असं व्हायला हवं होतं: मी तुम्हाला पुन्हा तपासू द्या म्हटलं, तुम्ही म्हणालात वेळ नाही. ह्यांनी ‘आय आस्क्ड यू’पर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. मालकाला तोंडावर ‘यू’? ह्यांना ते लिहवेना. थोडं मऊ करू, म्हणाले. इट वॉज सेड, असं म्हटलं गेलं.

"भिंतीनं म्हटलं का, सर?" मंजूने विचारलं.

ती हे चिडून बोलली नव्हती. ह्यांनी मान खाली घातली. मी तिला म्हटलं, बाई, नीट विचार कर, ‘तुम्ही’ लिहिलंस तर सेठ तुला ठेवणार नाही. ती म्हणाली, नाही लिहिलं तर ठेवणार आहेत का? आणि मग: "तिथं मी होती, काकू. तेही होते. दुसरं कोणी नव्हतं." तिचं खरं होतं, पण मला भीतीच वाटत होती. दुसऱ्याच्या मुलीला धीर द्यायला मी कोण, असंही वाटत होतं.

ह्यांनी लिहिलं. आय आस्क्ड यू. यू सेड.

मंजू कागद घ्यायला उठली तर हे म्हणाले, थांब. आणखी एक ओळ लिहायला लागले. मी खांद्यावरून वाचलं. द अर्लियर लेटर वॉज रिटन, आधीचं पत्र लिहिलं गेलं, आणि पेन ‘बाय’वर येऊन बराच वेळ तिथेच टेकून राहिलं. मग ह्यांनी सगळी ओळ खोडली आणि खाली लिहिलं: आय रोट द अर्लियर लेटर. आय डिड नॉट आस्क हर एनिथिंग. नंदकिशोर नागपुरे. मी ते पत्र लिहिलं, आणि हिला काहीही विचारलं नाही.

मंजू म्हणाली, सर, ह्याची गरज नव्हती. हे म्हणाले, होती. मला रडू आलं. माझा माणूस ‘मी’ म्हणाला होता, तोही परक्या भाषेत, आणि मी तिथे नुसती ट्रे घेऊन उभी.

मेल गेला. पुढचे दिवस वाईट गेले. मंजू कामावर जात होती, पण कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. सेठ तिच्या लॅबवरून जाताना फोनवर बोलल्यासारखं करत. हे शिकवणी घेत होते, पण मधूनच थांबत. एका मुलाने ‘बाय’ गाळला तर ह्यांनी लाल पेन उचललं, वाक्य पाहिलं आणि त्यालाच विचारलं, "कोणी केलं ते तुले मालूम आहे का?" मुलगा म्हणाला, पुस्तकात दिलं नाही. ह्यांनी गुण कापला नाही. पण परीक्षेत कापतील की काय, ह्या चिंतेने रात्री मलाच विचारत बसले. मला काय माहीत? मी म्हटलं, कुठे लिहायचं आणि कुठे नाही ते पोरांना सांगा. म्हणाले, मलाच आता कुठे कळायला लागलं आहे, आणि तेही नीट नाही. हे मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग व्यापाऱ्याचं उत्तर आलं, आखडतं. इथून पुढे पॉलिशनंतरचा तपासणी-अहवाल मिळाल्याशिवाय माल स्वीकारला जाणार नाही, आणि त्या अहवालावर मिस बावनकर ह्यांचीच सही हवी. दुसऱ्या दिवशी मंजू सेठचा कागद घेऊन आली. त्यावर एकच ओळ होती: द नोटीस इज हिअरबाय विथड्रॉन. नोटीस मागे घेतली जात आहे. ‘चूक झाली’ नाही की ‘वाईट वाटलं’ नाही, एक अक्षर नाही. खाली मिलचा शिक्का, सही कोणाचीच नाही.

ह्यांनी ती ओळ उजेडात धरून वाचली. "मागं घेतली, पण कोणी घेतली?" म्हणाले. आनंद मानावा की राग धरावा हे ह्यांना कळत नव्हतं, आणि मलाही. मंजूची नोकरी राहिली होती, नाव राहिलं होतं. पण ज्याने ते घालवायला काढलं होतं तो शिक्क्याच्या मागे जाऊन बसला होता, आणि तिला रोज त्याच्याच मिलमध्ये जायचं होतं. मी म्हटलं, एवढं झालं हेच पुष्कळ. मंजू म्हणाली, हौ काकू. पण तिनेही तो कागद दोनदा उलटून पाहिला.

सेठना पोच द्यायची होती. ह्यांनी सवयीने पेनाचं टोपण काढलं. मंजू म्हणाली की मी लिहून आणलं आहे, फक्त तपासून द्या. तिने कागद ह्यांच्यापुढे ठेवला. शाळेतल्यासारखाच, समास सोडून, एकच ओळ: आय विल टेस्ट द राइस आफ्टर पॉलिशिंग. पॉलिशनंतरचा तांदूळ मी तपासीन.

ह्यांनी लाल पेन हातात घेतलं. वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं. पेनाचं टोक ‘आय’पाशी नेलं, तिथून शेवटापर्यंत कागदाला न टेकवता नेलं आणि परत आणलं. मग टोपण लावलं आणि कागद तिला परत दिला.

"ह्याचा व्हॉइस बदलाचा नाही," म्हणाले.